दवाखान्याच्या वेबसाइटवरची डॉक्टरांची ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत स्वतःचे कन्सल्टिंग चालवणारे डॉक्टर वेबसाइटवरच्या ‘ओळख’ पानाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना धरून आहेत. इतर शाखांसाठी प्रश्न १४ पाहा. बऱ्याच उत्तरांत एकच कल्पित उदाहरण घेतले आहे. दादर पश्चिमेला दवाखाना असलेल्या, एम.डी. मेडिसिन झालेल्या या बाई मधुमेहाचे पेशंट जास्त पाहतात. त्यांना आपण डॉ. क म्हणू.

१. डॉक्टरने जाहिरात करायची नाही असा नियम आहे. मग वेबसाइटवर प्रोफाइल टाकलेले चालते का?

चालते, पण त्यात काय लिहिले आहे यावर सगळे ठरते. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे विनियम आजही लागू आहेत. त्यातले ६.१.१ हे कलम सांगते की प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे पेशंट ओढणे अनैतिक आहे, आणि स्वतःच्या कौशल्याकडे, पदव्यांकडे, पदांकडे वा मानसन्मानांकडे लक्ष वेधणारी प्रसिद्धी कोणत्याही मार्गाने करू नये. त्या कलमात वेबसाइटचा उल्लेख नाही, पण ‘कोणत्याही मार्गाने’ म्हटल्यावर वेबसाइट त्यात आलीच. दुसऱ्या बाजूला, मार्च २०२० मध्ये आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे याच विनियमांना जोडली गेली आणि त्यांत डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक वेबसाइटवर दाखवावा असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे डॉक्टरची वेबसाइट असू शकते, हे नियमांनीही धरून चालले आहे.

पाटीचा नियम, म्हणजे कलम ७.१३, हा आमच्या मते सर्वांत भक्कम पाया आहे. पाटीवर नाव, विद्यापीठाने किंवा वैधानिक संस्थेने दिलेली पात्रता, पदनाम, विशेष शाखेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि कौन्सिलचे नाव एवढेच असावे, असे ते कलम सांगते. एवढे वेबसाइटवर आले तर कोणाची हरकत असायचे कारण नाही. त्यापलीकडच्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा : याने पेशंटला दवाखान्यात येण्याची तयारी करता येते, की मी इतर डॉक्टरांपेक्षा वरचढ दिसतो? दुसरे उत्तर आले तर ते वाक्य काढा.

२. कमीत कमी काय असायलाच हवे?

कौन्सिलच्या नोंदवहीत आहे तसे पूर्ण नाव, नोंदलेल्या पदव्या, विशेष शाखा, आणि ‘महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल’ या शब्दांसह नोंदणी क्रमांक. नुसता आकडा पुरत नाही, कारण तो कोणत्या राज्याच्या नोंदवहीतला आहे हे पेशंटला कळायला हवे. क्रमांक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात न टाकता पदव्यांच्या लगेच खाली घ्या. चित्रात भरलेला मजकूर मोबाइलवर मोठा केला की अस्पष्ट होऊ शकतो आणि सहज कॉपीही करता येत नाही, म्हणून क्रमांक साध्या मजकुरात हवा.

याशिवाय पत्ता, वेळा, बंद असण्याचे दिवस आणि फी द्यावी. फीबद्दल प्रश्न ११ मध्ये आहे.

३. पदव्या कोणत्या क्रमाने आणि किती खुलासेवार लिहायच्या?

आधी मूळ पदवी, मग पदव्युत्तर, आणि प्रत्येक पदव्युत्तर पदवीच्या कंसात विषय. ‘एम.डी.’ एवढेच लिहिले तर ती मेडिसिनची, त्वचारोगाची की पॅथॉलॉजीची हे वाचणाऱ्याला कळत नाही. डी.एन.बी.लाही हेच लागू : ‘डी.एन.बी. (जनरल मेडिसिन)’ असे पूर्ण लिहा.

नावाच्या ओळीत विद्यापीठाचे नाव घालू नका. खाली परिच्छेदात कॉलेज, विद्यापीठ आणि वर्ष देता येते. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. त्याआधी पास झालेल्या मुंबईकर डॉक्टरांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचे नाव असते, त्यानंतरच्यांनी प्रमाणपत्र समोर ठेवूनच लिहावे. आठवणीवर लिहिताना नेमकी इथेच गफलत होते.

शिष्यवृत्ती, सुवर्णपदक, बोर्डातला क्रमांक यांनी पेशंटचे काहीच काम होत नाही आणि ६.१.१ मधल्या मानसन्मानाच्या प्रसिद्धीत ते बसतात. आम्ही ते काढायलाच सांगतो.

४. सर्टिफिकेट कोर्स, फेलोशिप, संघटनेचे सभासदत्व नावापुढे लावता येते का?

कलम १.४.२ नुसार नावापुढे मान्यताप्राप्त वैद्यकीय पदव्या लावता येतात, तसेच व्यावसायिक ज्ञान देणारी किंवा खरोखर विशेष पात्रता दाखवणारी प्रमाणपत्रे, पदविका, सभासदत्वे आणि सन्मानही लावता येतात. शब्दरचना सैल आहे आणि तिच्याच आधाराने नावापुढे अक्षरांची माळ लागते. व्यवहारात एक सोपी कसोटी वापरा : कौन्सिलने ही पात्रता तुमच्या नावावर अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवली आहे का? नोंदवली असेल तर ती नावाच्या ओळीत जाईल. नसेल तर खाली परिच्छेदात पूर्ण वाक्यात जाईल, संक्षेपात कधीच नाही.

डॉ. क यांनी मधुमेहावरचा एक वर्षाचा, अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला आहे. तो नावापुढे चार-पाच अक्षरांत लिहिला की पेशंटला ती एम.डी.च्या बरोबरीची पदवी वाटते. तोच ‘२०१४ मध्ये मधुमेहाच्या उपचारांवरचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला’ असा लिहिला तर माहितीही पोचते आणि कोणाची दिशाभूलही होत नाही. कालावधी लिहायला बऱ्याच जणांना संकोच वाटतो. पण वाचणाऱ्याला त्याचे वजन त्या कालावधीवरूनच कळते.

परीक्षा देऊन मिळालेली परदेशी पात्रता आणि वर्गणी भरून मिळालेले सभासदत्व यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचे प्रोफाइलमध्ये नसले तर काही बिघडत नाही. परदेशातल्या रुग्णालयात चार आठवडे निरीक्षक म्हणून जाणे म्हणजे तिथले ‘प्रशिक्षण’ नव्हे. लिहायचेच असेल तर निरीक्षक हा शब्द आणि आठवडे, दोन्ही लिहा.

५. मी एम.डी. मेडिसिन आहे. निम्मे पेशंट मधुमेहाचे असतात. मग ‘मधुमेहतज्ज्ञ’ का लिहू नये?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे, आणि प्रोफाइलमधली सर्वांत मोठी चूकही इथेच होते. कलम ७.२० सांगते की त्या शाखेतली विशेष पात्रता असल्याशिवाय डॉक्टरने स्वतःला त्या शाखेचा विशेषज्ञ म्हणवू नये. डॉ. क यांची नोंदलेली शाखा मेडिसिन आहे. मधुमेह आणि इतर हार्मोनच्या आजारांची अतिविशेष पदवी म्हणजे डी.एम. (एंडोक्रायनॉलॉजी). एम.डी. झाल्यावर त्यासाठी आणखी तीन वर्षे पूर्णवेळ शिकावे लागते. ‘मधुमेह व थायरॉइड तज्ज्ञ’ असे वाचून आलेला पेशंट डॉ. क यांना त्या पदवीचे समजू शकतो, आणि ७.२० ला रोखायचा आहे तो नेमका हाच गैरसमज.

याचा अर्थ असा नाही की त्यांनी मधुमेहाचे नाव घेऊ नये. मधुमेहाचे पेशंट पाहणे हा फिजिशियनच्या रोजच्या कामाचाच भाग आहे. फरक इतकाच की पदनाम ‘फिजिशियन’ राहते आणि मधुमेहाचा उल्लेख कामाचे वर्णन म्हणून येतो. ‘मी फिजिशियन आहे, माझ्याकडे टाइप २ मधुमेहाचे पेशंट जास्त येतात’ हे विधान खरे आहे, कोणालाही पडताळता येते, आणि पेशंटला हवे ते सांगते.

इंग्रजी पानावर ही काळजी घेतली जाते आणि मराठी पानावर ती निसटते, असे वारंवार दिसते. इंग्रजीत ‘फिजिशियन’ आणि खाली ‘इंटरेस्ट : डायबेटिस’ असे नीट लिहिलेले असते. मराठी करणारा माणूस दोन्ही एकत्र करून ‘मधुमेहतज्ज्ञ’ लिहून मोकळा होतो. दोन्ही पाने शेजारी ठेवून फक्त तज्ज्ञ, विशेषज्ञ, स्पेशालिस्ट आणि कन्सल्टंट हे चार शब्द शोधा. प्रत्येकाच्या मागे नोंदलेली पदवी उभी आहे का ते पाहा.

६. ‘विशेष रस’ या भागात किती विषय द्यावेत? ते निवडायचे कसे?

तीन. फार तर चार. बारा विषयांची यादी दिली की ती रसाची राहत नाही, पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका होते आणि पेशंटला त्यातून काहीच कळत नाही.

निवडताना मागच्या तीन महिन्यांची अपॉइंटमेंट वही काढा. जो आजार दर आठवड्याला येतो, जो तुमच्या नोंदलेल्या शाखेत बसतो, आणि ज्यासाठी तुम्ही दवाखान्यात खरोखर काही वेगळी सोय ठेवली आहे, तोच विषय घ्या. तिसरी अट महत्त्वाची आहे. डॉ. क यांच्याकडे पायांची संवेदना तपासण्याचा दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट आहे आणि मधुमेहाच्या प्रत्येक नव्या पेशंटचे पाय त्या तपासतात. म्हणून ‘मधुमेहात पायांची तपासणी’ हा विषय त्यांच्या पानावर शोभतो. ‘इन्सुलिन पंप’ शोभत नाही, कारण वर्षाकाठी एखादाच असा पेशंट येतो.

मथळा ‘विशेष प्रावीण्य’ असा नको. ‘माझ्याकडे जास्त येणारे पेशंट’ किंवा ‘कामाचा मुख्य भाग’ हे मथळे साधे आहेत आणि दावा करत नाहीत.

या भागाच्या शेवटी तुम्ही काय पाहत नाही तेही लिहा. ‘लहान मुलांचा मधुमेह इथे पाहिला जात नाही’ या एका वाक्याने विरारहून लेकराला घेऊन लोकलने येणाऱ्या आईचा हेलपाटा वाचतो. आपुलकी म्हणतात ती अशा वाक्यांत असते.

७. विशेषणे काढली तर पान कोरडे होते. आपुलकी आणायची कुठून?

‘आपले आरोग्य हेच आमचे ध्येय’, ‘मायेने उपचार’, ‘कुटुंबाप्रमाणे काळजी’ ही वाक्ये प्रत्येक पानावर असतात, म्हणून वाचणारा त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. नव्या दवाखान्यात जाताना माणसाला ज्या लहानसहान चिंता असतात, त्यांची उत्तरे द्या. तो त्यासाठीच पान उघडतो.

मधुमेहाच्या पेशंटच्या चिंता ठरावीक आहेत. उपाशी यायचे का? जुन्या फायली किती आणायच्या? साखर वाढलेली निघाली तर डॉक्टर रागावतील का? लगेच इन्सुलिन लावतील का? जिन्याने चढावे लागेल का? यातल्या प्रत्येकाला एक-दोन वाक्यांत खरे उत्तर दिले की पान आपोआप बोलके होते : ‘उपाशी येऊ नका. उपाशीपोटीची तपासणी लागली तर तिचा दिवस वेगळा ठरवू.’ ‘चालू गोळ्यांची पाकिटेच घेऊन या, नावे पाठ नसली तरी चालेल.’ ‘गोळ्या मध्येच बंद केल्या असतील तर तसे सांगा. का बंद केल्या ते कळले की पुढचे ठरवणे सोपे जाते.’

शेवटच्या वाक्यात ‘मी रागावत नाही’ असे कुठेही म्हटलेले नाही, तरी ते पोचते. स्वभावाचे वर्णन करू नका. ‘हसतमुख’, ‘शांत’, ‘संयमी’ ही विशेषणे इतरांनी वापरायची असतात. त्याऐवजी तुम्ही पेशंटबरोबर काय करता ते लिहा.

मात्र पाळता येईल तेवढेच लिहा. संध्याकाळी सात ते नऊमध्ये पंचवीस पेशंट पाहत असाल तर ‘प्रत्येकाला ३० मिनिटे’ हे वाक्य पहिल्याच दिवशी खोटे पडते.

८. एखादे प्रोफाइल आधी कसे होते आणि नंतर कसे झाले, ते दाखवाल का?

डॉ. क यांच्यासाठी वेबसाइट बनवणाऱ्याने लिहिलेला मजकूर असा असू शकतो :

> दादरमधील सुप्रसिद्ध मधुमेह व थायरॉइड तज्ज्ञ डॉ. क यांना १५ वर्षांहून अधिक अनुभव असून त्यांनी हजारो रुग्णांना मधुमेहमुक्त केले आहे. अत्याधुनिक तंत्रज्ञान आणि मायेचा स्पर्श यांचा संगम असलेल्या त्यांच्या क्लिनिकमध्ये खात्रीशीर उपचार मिळतात. आजच अपॉइंटमेंट घ्या व पहिल्या तपासणीवर सवलत मिळवा.

तोच मजकूर नियमांत बसवून आणि पेशंटच्या उपयोगाचा करून :

> डॉ. क
> एम.बी.बी.एस., एम.डी. (मेडिसिन)
> फिजिशियन
> महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, नोंदणी क्र. ………
>
> मी २००९ पासून दादर पश्चिमेला प्रॅक्टिस करते. के.ई.एम. रुग्णालयाच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. आणि नायर रुग्णालयाच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजातून एम.डी. केले. २०१४ मध्ये मधुमेहाच्या उपचारांवरचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला.
>
> ताप, रक्तदाब, दमा, थायरॉइड असे मोठ्या माणसांचे आजार मी पाहते. माझ्याकडे टाइप २ मधुमेहाचे पेशंट जास्त येतात. त्यांचा आहार, गोळ्या, इन्सुलिन आणि पायांची तपासणी यांवर मी वेळ देते. लहान मुलांचा मधुमेह आणि गरोदरपणातला मधुमेह यांसाठी मी त्या त्या विषयाच्या डॉक्टरांकडे पाठवते.
>
> पहिल्या भेटीला साधारण अर्धा तास लागतो. मागच्या एक वर्षाचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे आणा. घरी साखर तपासत असाल तर मशीनही आणा. उपाशी येऊ नका. स्वयंपाक जे करतात त्यांना सोबत आणता आले तर बरे.
>
> दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. जिना चढणे जमत नसेल तर आधी फोन करा. छातीत दुखणे, बेशुद्धी किंवा अचानक एका बाजूची ताकद जाणे असे काही झाले तर दवाखान्याची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

आता काय गेले आणि का गेले ते पाहू. ‘सुप्रसिद्ध’ आणि ‘हजारो रुग्णांना’ गेले, कारण ६.१.१ मध्येच केसेस, शस्त्रक्रिया आणि बरे केल्याची बढाई मारू नये असे लिहिले आहे. ‘तज्ज्ञ’चा विचार प्रश्न ५ मध्ये झाला आहे. ‘मधुमेहमुक्त’ हा शब्द सर्वांत धोक्याचा होता. वजन बरेच उतरल्यावर काही जणांची साखर औषधांशिवाय काही काळ मर्यादेत राहते हे खरे, पण ती पुन्हा वाढू शकते आणि तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. शिवाय औषधे व जादूई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतच्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत मधुमेह आहे. अमुक औषधाने तो बरा होतो असे सुचवणारी जाहिरात त्या कायद्याने गुन्हा ठरते. ‘खात्रीशीर’ कोणत्याच आजाराबद्दल म्हणता येत नाही, आणि ‘सवलत मिळवा’ हे सरळसरळ पेशंट ओढणे झाले.

‘१५ वर्षांहून अधिक’ऐवजी ‘२००९ पासून’ आले. वर्षांचा आकडा दर वर्षी शिळा होतो, सालाचा होत नाही.

९. ‘मी’ लिहावे की ‘डॉ. क या’?

एकट्या डॉक्टरचा दवाखाना असेल तर ‘मी’. तिसऱ्या पुरुषात लिहिताना हात आपोआप स्तुतीकडे वळतो. ‘त्या निष्णात आहेत’ सहज लिहिले जाते, पण ‘मी निष्णात आहे’ लिहिताना कोणीही थबकतो. हा थबका फार उपयोगी आहे. तीन-चार डॉक्टरांचे मिळून क्लिनिक असेल तर सगळ्यांसाठी तिसरा पुरुष ठेवा आणि प्रत्येकाला सारखीच लांबी द्या. पेशंटला मात्र दोन्हीकडे ‘तुम्ही’च म्हणा. ‘आपण’ने पान सरकारी परिपत्रकासारखे वाटू लागते.

१०. पेशंटनी स्वतःहून चांगले अभिप्राय लिहिले आहेत. ते पानावर घेता येतील का?

घेऊ नका. कलम ६.१.१ बरे केल्याचे वृत्त प्रसिद्ध ‘होऊ देणे’ हेही निषिद्ध मानते. पेशंटने लिहिले, मी नाही, हा बचाव स्वतःच्या पानावर टिकत नाही, कारण कोणता अभिप्राय लावायचा ते तुम्हीच निवडलेले असते. पेशंटची लेखी संमती असली तरी फक्त त्याच्या गोपनीयतेचा प्रश्न सुटतो, बढाईचा सुटत नाही. उपचाराच्या आधीचे आणि नंतरचे फोटो यांनाही हेच लागू आहे, चेहरा झाकला तरी.

नकाशावरच्या नोंदीखाली लोक स्वतः जे लिहितात ते तुमच्या हातात नाही. पण तिथे उत्तर देताना ‘तुमची साखर आता आटोक्यात आहे, छान’ असे लिहिले तर त्या माणसाचा आजार तुम्हीच जगजाहीर केला. उत्तरात ती व्यक्ती तुमची पेशंट आहे हेसुद्धा कबूल करू नका. ‘धन्यवाद, काही बोलायचे असल्यास दवाखान्यात फोन करा’ एवढे पुरे.

११. फी लिहिली तर जाहिरात होते का?

होत नाही. फी जाहीरपणे सांगणे हे विनियमांनी परवानगी दिलेल्या मोजक्या घोषणांपैकी एक आहे, आणि कलम ३.७.१ नुसार दवाखान्यातल्या फलकावर फी आणि इतर आकार स्पष्ट दाखवायचेच असतात. फलकावर जे आहे तेच पानावर लिहा : पहिली भेट, पुन्हा भेट आणि पुन्हा भेटीची मुदत किती दिवसांची. काउंटरवर वाद होतो तो बहुधा याच मुदतीवरून. ‘फक्त’, ‘माफक’, ‘इतरांपेक्षा कमी’ हे शब्द मात्र टाळा.

१२. डॉक्टरचा फोटो लावावा का?

कलम ६.१.२ लेटरहेड आणि पाटीवर स्वतःचा फोटो छापणे ही स्वजाहिरात मानते. त्यात वेबसाइटचे नाव नाही. तरी एकदम सुरक्षित राहायचे असेल तर फोटो लावूच नका. लावायचाच असेल तर ओळखीच्या पानावर एकच, पासपोर्टच्या धाटणीचा, लहान फोटो ठेवा. पहिल्या पानावर पडदाभर पसरलेला, हाताची घडी घातलेला फोटो नको. दवाखान्याच्या दाराचा आणि जिन्याचा फोटो मात्र जरूर लावा. दादरच्या गल्लीत पहिल्यांदा येणाऱ्याला तोच कामी येतो. त्यात बसलेल्या पेशंटचे चेहरे येऊ देऊ नका.

१३. पानावर सगळे नीट लिहिले आहे. तरी काय निसटू शकते?

पानावर न दिसणारा मजकूर. सर्च इंजिनात दिसणारे शीर्षक आणि वर्णन वेगळे भरलेले असते, आणि ते भरताना वेबसाइट बनवणारे ‘दादरमधील सर्वोत्तम मधुमेहतज्ज्ञ’ असे बिनदिक्कत घालतात. डॉक्टरांनी ते पाहिलेलेच नसते, पण पेशंट तेच आधी वाचतो. कॉम्प्युटरवर पान उघडून `Ctrl+U` दाबा आणि सुरुवातीच्या या दोन ओळी शोधा. त्या अशा असाव्यात :

```html
<title>डॉ. क, एम.डी. (मेडिसिन) | दादर पश्चिम</title>
<meta name="description" content="वेळा, पत्ता, फी आणि पहिल्या भेटीला काय आणायचे.">
```

मग चित्रांना दिलेला पर्यायी मजकूर, नकाशावरच्या नोंदीतला ‘प्रकार’ आणि डॉक्टर शोधायच्या ॲपवरचे तुमचे नाव पाहा. त्या नोंदी तुम्ही स्वतः केल्या नसल्या तरी नाव तुमचे आहे, म्हणून चुकीचे पदनाम दिसले तर दुरुस्तीची विनंती लेखी करा आणि तिची प्रत ठेवा.

व्हिडिओवर किंवा फोनवर सल्ला देत असाल तर तेवढी सोय आणि तिच्या वेळा सांगा. टेलिमेडिसिनसाठी जाहिरात करून किंवा आमिष दाखवून पेशंट मिळवण्याला २०२० च्या तत्त्वांत स्पष्ट मनाई आहे.

१४. आम्ही आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा दंतवैद्यकाचे डॉक्टर आहोत. हेच नियम का?

नाही. तुमच्या परिषदा आणि आचारसंहिता वेगळ्या आहेत, आणि नोंदणी क्रमांकापुढे त्याच परिषदेचे नाव लिहायचे असते. प्रश्न ६ आणि ७ मधली पद्धत मात्र तुम्हालाही उपयोगी पडेल. १९५४ चा कायदा सर्व शाखांना लागू आहे.

स्त्रीरोग आणि सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. गर्भलिंगनिदानाच्या १९९४ च्या कायद्याचे कलम २२ इंटरनेटवरच्या जाहिरातीलाही लागू होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. पानावर या विषयाचा एकच उल्लेख असावा, तो म्हणजे इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही हा.

१५. नोंदणी माहेरच्या नावाने आहे, पेशंट सासरच्या नावाने ओळखतात. कोणते नाव लिहू?

नोंदवहीत आज जे आहे ते. पेशंटने क्रमांक टाकून शोधले आणि वेगळेच नाव आले तर शंका येणे साहजिक आहे. कौन्सिलकडे नाव बदलून घेईपर्यंत नोंदलेले नाव मोठ्या अक्षरात आणि खाली ‘पेशंटमध्ये डॉ. … या नावाने परिचित’ असे लिहा. प्रिस्क्रिप्शन, पावती आणि वेबसाइट या तिन्हींवर एकच रूप ठेवा.

नोंदणी दुसऱ्या राज्यातली असेल तर आधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी घ्या आणि मगच मुंबईच्या पत्त्याचे प्रोफाइल सुरू करा.

१६. २०२३ मध्ये सोशल मीडियासाठी नवे नियम आले होते ना?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले होते आणि त्यांत सोशल मीडियावरच्या वागणुकीची तत्त्वे होती. त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चे विनियम पुन्हा लागू झाले. २०२३ चे विनियम वाचून ठेवायला हरकत नाही, पण पान बेतायचे ते २००२ च्या विनियमांवर.

१७. प्रोफाइलबद्दल कौन्सिलकडून तक्रारीचे पत्र आले तर काय करायचे?

आधी तक्रार कोणत्या वाक्याबद्दल आणि कोणत्या तारखेच्या पानाबद्दल आहे ते पाहा. घाईने पान पुसून टाकू नका. आहे त्या स्थितीत त्याची तारखेसह पी.डी.एफ. काढून ठेवा आणि मगच आक्षेपार्ह वाक्य दुरुस्त करा. दुरुस्तीनंतरचीही पी.डी.एफ. काढा. पदव्यांची प्रमाणपत्रे, अतिरिक्त पात्रतेच्या नोंदी आणि वेबसाइट बनवणाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार एकत्र लावा. मजकूर दुसऱ्याने लिहिला होता हे सांगायला हरकत नाही, पण जबाबदारी नावाच्या मालकाची असते, म्हणून उत्तराची सारी भिस्त त्यावर नको.

विनियमांनुसार डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडायची संधी मिळते. दोषी ठरल्यास नोंदवहीतून नाव कायमचे किंवा ठरावीक काळापुरते काढण्याचा अधिकार कौन्सिलला आहे, आणि तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत द्यावा असे विनियम सांगतात. उत्तर मुदतीत, कलमवार आणि कागदपत्रांसह द्या. पत्राला जोडायच्या प्रती द्यायच्या आधी मूळ प्रमाणपत्रांवरची नावे आणि सालवार नोंदी पानावरच्या मजकुराशी एकदा ताडून घ्या.